व्याजाचे पैसे कोणत्या पायरीवर बदलतात

एक लाख रुपयांची मुदत ठेव घ्या. व्याजदर ७ टक्के, दर तिमाहीला चक्रवाढ, मुदत एक वर्ष. वर्षाच्या ७ टक्क्यांचे तिमाहीला पावणेदोन टक्के होतात, म्हणून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एक लाखाला १.०१७५ ने चार वेळा गुणा. उत्तर येतं १,०७,१८५ रुपये ९० पैसे. आता हीच ठेव वहीत तिमाहीमागून तिमाही मांडा आणि प्रत्येक वेळी व्याज दोन दशांशांपर्यंत लिहा. शेवटी ९० ऐवजी ९१ पैसे येतात. बँकेच्या पावतीवर मात्र १,०७,१८६ असू शकतात आणि तेवढ्याच दराच्या दुसऱ्या बँकेत १,०७,१८७ सुद्धा.

ठेव एकच, दर एकच आणि उत्तरं चार. यांतल्या एकाही हिशेबात बेरीज किंवा गुणाकार चुकलेला नाही. फरक आहे तो आकडा पूर्ण कधी केला, यात. बँकेतले लोक त्याला राउंड ऑफ करणं म्हणतात. शाळेत आपण पूर्णांक करायला शिकतो, पण तो गणिताच्या मधल्या कोणत्या पायरीवर करायचा, हे तिथे कुणी सांगत नाही. पासबुकातल्या पैशांचा उलगडा नेमका त्या पायरीवर होतो.

हीच ठेव पायरीपायरीने पाहू. पहिल्या तिमाहीचं व्याज १,७५० रुपये. इथे तोडण्यासारखं काहीच नाही, म्हणून सगळे हिशेब इथपर्यंत जुळतात. दुसऱ्या तिमाहीत मुद्दल झालेली असते १,०१,७५० रुपये आणि तिच्यावरचं व्याज येतं १,७८० रुपये साडेबासष्ट पैसे. दशांशात लिहिलं तर १७८०.६२५. अर्धा पैसा कुणाच्या खात्यात लिहिता येत नाही, म्हणून इथे पहिला निर्णय घ्यावा लागतो. कॅल्क्युलेटर तो घेतच नाही. तो सगळे दशांश पोटात ठेवून पुढे जातो आणि पूर्णांक फक्त शेवटी होतो. वहीत लिहिणारा माणूस शाळेतल्या नियमाने ५ आला की वर जातो आणि ६३ पैसे लिहितो. तो वर ढकललेला अर्धा पैसा पुढच्या दोन तिमाह्या मुद्दलीत राहतो. त्यात पुढच्या पायऱ्यांवरची बारीक ओढाताण मिळते आणि शेवटी एक पैसा जास्त येतो.

बँक याच पायरीवर रुपया पूर्ण करत असेल, तर १,७८० रुपये ६२ पैशांचे १,७८१ होतात. तिसऱ्या तिमाहीचं व्याज १,८११ रुपये ७९ पैसे, त्याचे १,८१२. चौथ्या तिमाहीचं १,८४३ रुपये ५० पैसे आणि वर पाव पैसा, त्याचे १,८४४. तिन्ही वेळा आकडा पन्नास पैशांच्या वर पडला, म्हणून तिन्ही वेळा ठेवीदाराचा फायदा झाला आणि एकूण रक्कम १,०७,१८७ झाली. दुसऱ्या एखाद्या रकमेवर तिन्ही आकडे पन्नासच्या खाली पडले असते, तर तेवढंच नुकसान दिसलं असतं. पैसे शेवटपर्यंत राखून फक्त मुदतीअंती रुपया पूर्ण करणारी बँक १,०७,१८६ देते.

रुपया पूर्ण करणं ही बँकेची मनमानी नाही. ठेवींवरच्या व्याजाविषयी रिझर्व्ह बँकेचे जे निर्देश २०१६ मध्ये निघाले, त्यांत रुपयातल्या ठेवींवर दिलं जाणारं व्याज जवळच्या रुपयापर्यंत पूर्ण करावं, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. ५० पैसे किंवा त्याहून जास्त असतील तर पुढचा रुपया, ५० पेक्षा कमी असतील तर ते सोडून द्यायचे, ही त्यामागची जुनी रीत कर्जावरच्या व्याजालाही लागू आहे. म्हणूनच बचत खात्याच्या पासबुकात व्याजाची नोंद ७६.०० अशी असते, ७५.६२ अशी सहसा दिसत नाही. याचा अर्थ पैसेच रद्द झालेत असा मात्र नाही. २५ पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर चलनातून गेली तरी ५० पैशांचं नाणं कायद्याने चालतं आणि खात्यातून खात्यात १२ रुपये ३७ पैसे पाठवणं आजही शक्य आहे. पतसंस्थांची गोष्ट वेगळी. त्या रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या बँका नव्हेत, तेव्हा तिथला पूर्णांकाचा नियम सभासदाने संस्थेलाच विचारायला हवा.

पण ५० पैसे नेहमी वर ढकलले, तर हिशेब निष्पक्ष राहतो का? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘बँक आपले पैसे खाते’ या संशयाचं उत्तर त्यात आहे. ० ते ९९ पैशांपर्यंतचे सगळे शंभर शेवट सारख्याच वेळा येतात, असं धरू. १ ते ४९ पैसे सोडून दिले जातात आणि त्यांची बेरीज १,२२५ पैसे होते. ५० ते ९९ पैशांना रुपया पूर्ण करायला वरून भर घालावी लागते, ५० पैशांना ५० ची, ९९ पैशांना एका पैशाची. या भरीची बेरीज होते १,२७५ पैसे. म्हणजे शंभर व्यवहारांमागे ५० पैसे, किंवा एका व्यवहारामागे सरासरी अर्धा पैसा, वरच्या बाजूला झुकतो. ठेवीवर हा झुकाव ठेवीदाराच्या बाजूचा, कर्जावरच्या व्याजात बँकेच्या बाजूचा. झुकाव आहे खरा, पण तो लहान आहे आणि नियम जाहीर असल्याने कुणालाही तपासता येतो.

हा अर्धा पैसाही नको असेल, तर दुसरी एक रीत आहे. आकडा बरोबर मधोमध पडला की जवळच्या सम अंकाकडे जायचं. १७८०.६२५ मध्ये ६२ सम आहे, म्हणून ६२ च ठेवायचे, १७८०.६३५ असतं तर ६४ केले असते. अर्ध्या वेळा वर, अर्ध्या वेळा खाली, म्हणून झुकाव राहत नाही. इंग्रजीत या रीतीला ‘बँकर्स राउंडिंग’ असं नाव आहे, पण आपल्या बँकांना घालून दिलेली रीत ही नव्हे, आपल्याकडे पन्नासला वर जायचं. तरीही ती माहीत हवी, कारण काही संगणकीय भाषा मुकाट्याने हीच वापरतात. पायथॉनमधलं `round()` सम अंकाकडे जातं, एक्सेलमधलं `ROUND` मात्र शाळेच्या नियमाने वर जातं. आपली ठेव सम अंकाच्या रीतीने तिमाहीगणिक मांडली, तर शेवटी ९१ नव्हे, ९० पैसे येतात. एकाच घरात मुलाने प्रोग्राम लिहून आणि वडिलांनी एक्सेलमध्ये केलेल्या हिशेबात एका पैशाचा फरक पडला, तर तो इथून आलेला असू शकतो.

पूर्ण न करता नुसतं कापत गेलं, तर काय होतं याचा एक प्रसिद्ध दाखला कॅनडातला आहे. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १,००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि तीन दशांशांच्या पुढचे अंक पूर्ण न करता कापले जात. प्रत्येक वेळचं नुकसान हजाराव्या भागाहूनही कमी, पण दिशा कायम खालची. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ च्या घरात पोचला होता. हिशेब दुरुस्त केल्यावर त्याचा खरा आकडा १,०९८ निघाला. पूर्णांकात चुका दोन्ही बाजूंना पडतात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. कापण्यात त्या एकाच बाजूला साठत जातात.

बचत खात्यात आणखी एक भर पडते, ती दिवसांची. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकेवर काढलं जातं. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरत. आता खात्यात तिमाहीभर १०,००० रुपये पडून आहेत आणि दर ३ टक्के आहे असं समजा. आपण घरी पटकन वर्षाचे ३०० भागिले चार करून ७५ म्हणतो. पण जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत ९२ दिवस असतात. ९२ दिवसांचं व्याज ७५ रुपये ६२ पैसे, म्हणून जमा होतात ७६. जानेवारी ते मार्च, लीप वर्ष नसेल तर, ९० दिवस. व्याज ७३ रुपये ९७ पैसे, जमा ७४. एप्रिल ते जून ९१ दिवसांचे ७५. दरवेळी व्याज काढून घेतलं असं धरलं, तर वर्षाच्या चार नोंदी ७४, ७५, ७६, ७६ होतात आणि बेरीज ३०० नव्हे, ३०१ येते.

याच ७५ रुपये ६२ पैशांवर पायरीचा खेळ पुन्हा दिसतो. दहा हजारांचं एका दिवसाचं व्याज ८२.१९ पैसे. कुणी रोज ८२ पैसे लिहून ९२ ने गुणले, तर ७५ रुपये ४४ पैसे होतात आणि रुपया पूर्ण केल्यावर ७५ उरतात. रोजचे पुढचे दशांश टिकवून शेवटी एकदाच पूर्ण केलं, तर ७६. रोज हातातून निसटलेल्या पाव पैशाहूनही कमी भागाने तिमाहीच्या शेवटी एक रुपया हलवला. घरच्या हिशेबातही रोजच्या रकांन्याला पूर्णांक लावू नका. शिलकांची आणि दिवसांची गुणाकार-बेरीज आधी करा आणि दराने शेवटी एकदाच गुणा.

कर्जाच्या हप्त्याकडे वळलं की हा विषय जरा गंभीर होतो, कारण तिथे पैसे वर्षानुवर्षं व्याजासह फिरतात. एक लाखाचं कर्ज, १२ टक्के, बारा हप्ते. एक्सेलच्या कुठल्याही चौकोनात हे लिहा:

```
=PMT(12%/12,12,-100000)
```

पडद्यावर ८,८८४.८८ दिसेल. चौकोनात साठलेला आकडा मात्र ८८८४.८७८८६… असा लांबत जाणारा असतो. दिसणं दोन दशांशांचं, गणित सगळ्या दशांशांचं. घरी बसून केलेल्या कोष्टकात शेवटची शिल्लक बरोबर शून्य येते ती यामुळे, आणि बँकेच्या कोष्टकाशी ते पैशांनी जुळत नाही तेही यामुळेच. रकाना दोन दशांशांचा ‘दाखवणं’ आणि आकडा दोन दशांशांचा ‘करणं’ या दोन गोष्टी आहेत. दुसरीसाठी `ROUND` लागतं.

बँक हा हप्ता बहुधा पूर्ण रुपयात ठरवते, इथे ८,८८५. म्हणजे दर महिन्याला आपण १२ पैसे जास्त भरतो. पहिल्या महिन्याचं व्याज १,००० रुपये, म्हणून मुद्दलीतून ७,८८५ वजा होतात आणि ९२,११५ उरतात. दुसऱ्या महिन्याचं व्याज ९२१ रुपये १५ पैसे. असं करत अकरा हप्त्यांनंतर ८,७९५ रुपये ५० पैसे बाकी राहतात. त्यावर शेवटच्या महिन्याचं व्याज ८७ रुपये ९६ पैसे. म्हणजे बारावा हप्ता ८,८८५ नव्हे, ८,८८३ रुपये ४६ पैशांचा. महिन्याला बारा पैसे जास्त गेले होते, ते व्याजासकट दीड रुपयाच्या आसपास होऊन इथे परत मिळाले. बँक दरमहा व्याजही रुपयात पूर्ण करत असेल, तर शेवटचा हप्ता ८,८८४ येतो. दोन्ही कोष्टकं बरोबर आहेत. शेवटचा हप्ता बाकीच्यांहून वेगळा असणं ही चूक समजू नये. सगळे पूर्णांक तिथे येऊन मिटतात.

लांब मुदतीत हेच पैसे किती वाढतात ते पाहा. २५ लाखांचं गृहकर्ज, दर स्थिर ९ टक्के, २० वर्षं. नेमका हप्ता २२,४९३ रुपये १५ पैसे. तो २२,४९३ ठरवला, तर महिन्याला १५ पैसे कमी भरले जातात. २४० महिन्यांत ही तूट ३६ रुपयांची, पण न भरलेल्या प्रत्येक पैशावर कर्ज संपेपर्यंत व्याज चढत जातं आणि शेवटच्या हप्त्यात साधारण १०० रुपये जास्त मागितले जातात. रक्कम पैशांची नाही आणि उगम मात्र पंधरा पैशांचाच आहे.

आपल्या बाजूने होणारी सगळ्यांत सर्रास चूकही इथेच घडते. दर साडेआठ टक्के असेल, तर महिन्याचा दर ०.७०८३३३… टक्के येतो. कॅल्क्युलेटरवर तो ०.७१ असा टाकला, तर २५ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ३२ रुपयांनी जास्त निघतो. ०.७०८ टाकला तर सहा रुपयांनी कमी. दर आधीच तोडला की तो तोडलेला तुकडा २४० वेळा गुणला जातो. म्हणून दर कधीच पूर्ण करू नये. ८.५ भागिले १२ हे गणितातच राहू द्यावं.

मग कुठला फरक पूर्णांकाचा आणि कुठला नाही, हे ओळखायचं कसं? रुपया पूर्ण करण्याच्या एका पायरीवर जास्तीत जास्त ५० पैशांचा फरक पडू शकतो. तेव्हा पायऱ्या मोजा. चार तिमाह्यांच्या ठेवीत दोन रुपये आणि त्यावरचं नाममात्र व्याज, एवढीच मर्यादा. फरक चाळीस रुपयांचा असेल, तर पूर्णांकाला दोष देऊन कुणीही, बँकेच्या कर्मचाऱ्यानेही, विषय संपवू नये. मग दुसरी कारणं पाहावी लागतात. ठेवीची शेवटची तिमाही अपुरी असेल, तर उरलेल्या दिवसांचं व्याज दिवसांच्या हिशेबाने मिळतं. लीप वर्षात काही बँका ३६६ दिवसांचं वर्ष धरतात, काही ३६५ चं. दोन्हींना मुभा आहे, पण कोणती रीत वापरली ते ठेवीदाराला सांगायला हवं. मधल्या तिमाहीत टीडीएस कापला गेला असेल, तर पुढचं चक्रवाढ व्याज कमी मुद्दलीवर निघतं. कर्जात पहिल्या हप्त्याआधीचे सुटे दिवस, मध्येच बदललेला दर किंवा उशिरा पोचलेला हप्ता यांतून शेकडो रुपयांचा फरक सहज पडतो.

आणि काही फरक खरोखर अन्यायाचे असतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये स्वतःच नोंदवलं की काही कर्जसंस्था महिन्याच्या मध्यात दिलेल्या किंवा फेडलेल्या कर्जावर संपूर्ण महिन्याचं व्याज लावतात. काही ठिकाणी कर्जदाराच्या हाती रक्कम पडायच्या आधीपासूनच व्याज सुरू होतं. असं घेतलेलं जादा व्याज परत करायला त्यांना सांगण्यात आलं. पंधरा दिवसांच्या व्याजाचा हा फरक पैशांत मोजला जात नाही. पैशांच्या फरकामागे लागून आपण दमतो आणि असा फरक नजरेतून सुटतो, याची मला खरी काळजी वाटते.

बँकेत जाताना ‘माझा हिशेब जुळत नाही’ एवढंच सांगितलं, तर उत्तरही तितकंच मोघम मिळतं. अर्जात नेमकं विचारा: व्याज किती दिवसांचं धरलं, वर्ष ३६५ दिवसांचं की ३६६ चं, आणि रुपया दर तिमाहीला पूर्ण केला की मुदतीअंती एकदाच. कर्ज असेल तर रक्कम कोणत्या तारखेला दिली आणि व्याज कोणत्या तारखेपासून लावलं, हेही विचारा. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि त्याला शुल्क लागत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य तथ्य पत्रक देणं बंधनकारक आहे आणि हप्त्यांचं संपूर्ण कोष्टक त्याचा भाग असतं. ते मागून घ्या. त्यातल्या पहिल्या महिन्याचं व्याज आणि शेवटचा हप्ता, या दोन ओळी आधी तपासा.